अग्रलेखातला कर्ता शोध

कामगार कायद्यातल्या बदलावरचे अग्रलेख मालकाला वाक्यातून गाळतात का, हे तपासायचं आहे ना? मग एखाद्या दैनिकाच्या सोलापूर आवृत्तीतले अग्रलेख वेगळे मोजू नकोस. बहुतेकदा तोच मजकूर सगळ्या आवृत्त्यांत असतो. औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे मालक-कामगार संबंधांचा कायदा, सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत मंजूर झाली. त्याच्या मागचा-पुढचा एकेक महिना आणि तीन दैनिकं घे. संहितेवरचा प्रत्येक अग्रलेख घे, आवडलेले तेवढेच नकोत.

मग क्रियापदं तपास. समजा वाक्य आहे, ‘कामगारकपात सुलभ होईल’. कपात कोण करणार? ‘तीनशेपेक्षा कमी कामगारांचे मालक सरकारी परवानगीशिवाय कपात करू शकतील’ असं लिहून बघ, म्हणजे गाळलेला मालक दिसेल. (आधी ही मर्यादा शंभर होती.) पण मराठीत अशी कर्ताहीन रचना नेहमीचीच. म्हणून त्याच लेखात ‘संघटनांनी अडवणूक केली’ असा कामगारांकडचा कर्ता मात्र ठळक येतो का, ते ताडून बघ. तो फरक अनेक लेखांत दिसला, तरच निष्कर्ष काढ.