टूथपिक कोरडी निघाली म्हणजे ब्राउनी जास्त भाजली

प्रश्न: बडोद्याला असते, घरी ओटीजी आहे. ब्राउनी 180 वर 35 मिनिटं ठेवते, टूथपिक स्वच्छ निघाली की काढते. तरी दरवेळी केकसारखी कोरडी होते. मध्यभागी फजी राहण्यासाठी तापमान किती ठेवू आणि झाली हे ओळखू कसं?

उत्तर:

टूथपिक स्वच्छ निघायची वाट बघताय, तिथेच गाडी चुकते. ही खूण ढोकळ्याची. ढोकळ्यात सुरी कोरडी निघाली की गॅस बंद. ब्राउनीत मात्र मधली टूथपिक कोरडी निघाली याचा अर्थ तुम्हाला पाच-सात मिनिटं उशीर झालाय. ओव्हनबाहेर काढल्यावरही गरम टिनमुळे मधला भाग थोडा वेळ शिजतच राहतो, आणि गार झाल्यावर चॉकलेट-बटर घट्ट होतं. त्यामुळे काढताना ती थोडी कच्चीच वाटायला हवी.

पुढची मिनिटं या मापासाठी आहेत: डार्क चॉकलेट 150 ग्रॅम, बटर 120, साखर 200, अंडी 2, मैदा 70, कोको 20 ग्रॅम, आणि 8 इंची चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचा टिन. बेकिंग पावडर घालायची नाही, ती घातली की तुम्ही केककडे निघालात. मैदा वाटीने न घेता वजनकाट्यावर घ्या. दाबून भरलेल्या वाटीत मैदा सहज दीडपट जातो आणि मग तापमान कितीही सांभाळलं तरी ब्राउनी कोरडीच होणार. याच मापाला टिन 7 इंची घेतला तर थर जाड होतो, चार-पाच मिनिटं जास्त धरा. काचेचं भांडं शक्यतो नको. ते उशिरा तापतं, पण बाहेर काढल्यावर बराच वेळ गरम राहतं आणि कडा वाळवून टाकतं.

तापमान 175. वरचा आणि खालचा, दोन्ही रॉड चालू, पंखा असेल तर बंद. पंखा बंद करता येत नसेल तर 160 ठेवा. टिन ठेवण्याआधी ओव्हन 15 मिनिटं तापू द्या. लहान ओटीजीत वरचा रॉड फार जवळ येतो, म्हणून जाळी मधल्या खाचेच्या एक घर खाली लावा.

पण ओटीजीची चकती 180 दाखवते म्हणजे आत 180 असतंच असं नाही. पंधरा-वीस अंशांचा फरक अगदी सर्रास असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर घेतलात तर प्रश्नच मिटतो. तो नसेल तर साखरेने अंदाज घेता येतो, कारण साखर साधारण 186 अंशांना वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर टाका आणि चकती 175 वर ठेवून, तापलेल्या ओव्हनमध्ये 15 मिनिटं ठेवा. साखर वितळली तर तुमचा ओव्हन जास्त तापतोय. चकती 160 वर आणून नव्या साखरेने पुन्हा बघा. उलट 190 वर ठेवूनही साखर जशीच्या तशी राहिली, तर तो कमी तापतोय.

आता टूथपिक. लाकडीच हवी. स्टीलची सळई किंवा सुरी गुळगुळीत असते, तिच्यावर चुरा टिकत नाही आणि कच्ची ब्राउनीही झालेली वाटते. 20 व्या मिनिटाला पहिल्यांदा बघा, मग दर दोन मिनिटांनी. आधी कडेपासून दोन बोटं आत टोचा: तिथे एखाददुसरा कण चिकटला पाहिजे. मग बरोबर मध्ये टोचा. पातळ, चकाकणारं मिश्रण ओघळत आलं तर अजून तीन मिनिटं. ओलसर, जाडसर चुरा चिकटून आला आणि बोटांत दाबल्यावर त्याची मऊ गोळी झाली, की लगेच बाहेर. हे बहुतेक 22 ते 26 मिनिटांत होतं. तुमची 35 मिनिटं इथेच जास्त होतात.

एक फसगत होते. मिश्रणात चॉकलेटचे तुकडे घातले असतील तर टूथपिक नेमकी वितळलेल्या तुकड्यात जाते आणि ओली दिसते. ते गडद, गुळगुळीत चॉकलेट असतं, त्यात कण नसतात. इंचभर बाजूला पुन्हा टोचा. शंका राहिली तर टिन हलकेच हलवा: मध्ये लाट उठली तर कच्ची, आणि नुसता बारीक थरथराट असेल तर तयार.

हा सगळा हिशेब अंड्यांच्या ब्राउनीचा. कंडेन्स्ड मिल्कच्या बिनअंड्याच्या ब्राउनीला ही मिनिटं लावू नका, ती वेगळ्या पद्धतीने घट्ट होते.

काढल्यावर टिनमध्येच पूर्ण गार करा, मग दोन तास फ्रीजमध्ये. बडोद्याच्या मे महिन्यात ओट्यावर बटर घट्ट होतच नाही, तेव्हा फ्रीज चुकवू नकाच. गरम असताना कापली तर मधला भाग सुरीला चिकटून येतो आणि कच्ची राहिली असं वाटून माणूस पुढच्या वेळी पुन्हा 35 मिनिटं ठेवतो.