एस्प्रेसो कधी झटकन उतरते, कधी अडते: दोष ग्राइंडरचा की मशीनचा?

प्रश्न: इंदूरला विजयनगरात आमचं छोटं कॅफे आहे, दोन ग्रुपचं मशीन आहे. सकाळी शॉट २८ सेकंदांत येतो, दुपारी १८ मध्ये, आणि गर्दीत तर एक २० चा, पुढचा ३८ चा. मशीन रोज साफ करतो. ग्राइंड बदलून बदलून थकलो. नेमकं काय बघायचं?

उत्तर:

आज ग्राइंडरची रिंग अजिबात फिरवू नका. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही बहुधा वेगळी आहेत. दिवसभरात वेळ हळूहळू सरकते ती ग्राइंडर आणि बियांमुळे. लागोपाठच्या दोन शॉटमध्ये १८ सेकंदांचा फरक पडतो तेव्हा एक तर डोस बदलतोय, किंवा तुमचे दोन ग्रुप एकसारखं पाणी सोडत नाहीयेत. २० चा शॉट डाव्या ग्रुपवरचा होता की उजव्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सगळ्यात आधी तेच शोधायचं.

दुपारच्या निवांत वेळी, मशीन नीट तापलेलं असताना, एकाच माणसाने सहा शॉट काढायचे: एक डावीकडे, एक उजवीकडे, असे आलटून पालटून. दोन्हीकडे एकाच मापाची बास्केट हवी. प्रत्येक वेळी ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर १८ ग्रॅम पावडर मोजून घ्यायची आणि कप काट्यावर ठेवून ३६ ग्रॅमला थांबायचं. मशीनचं ठरावीक मापाचं बटण या चाचणीत वापरू नका. ते ग्रुपकडे गेलेलं पाणी मोजतं, कपात उतरलेली कॉफी मोजत नाही. बटण दाबल्यापासून वेळ मोजा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: ग्रुप कुठला, पहिला थेंब कितव्या सेकंदाला पडला, आणि ३६ ग्रॅम कितव्या सेकंदाला झाले. पहिल्या थेंबाचा रकाना गाळू नका, बरंचसं उत्तर त्यातच असतं.

मी मशीन बसवण्याचं आणि पोरांना शिकवण्याचं काम करतो. पलासियाजवळच्या एका कॅफेत हुबेहूब तुमच्यासारखी तक्रार होती. तिथल्या वहीत डाव्या ग्रुपवर २७, २८, २७ सेकंद आले आणि उजव्यावर ३६, ३८, ३७. डोस सारखा, हात सारखा. म्हणजे शॉट मनाला येईल तसा येत नव्हता, दोन्ही ग्रुप आपापल्या जागी अगदी ठाम होते. पोरं मात्र उजवीकडे शॉट अडला की ग्राइंड जाड करायची, मग डावीकडे तो १९ सेकंदांत धो धो यायचा, की पुन्हा बारीक. दिवसभर हेच. आणि ऑर्डरी बहुतेक कॅपुचिनोच्या, त्यामुळे दुधाखाली चव झाकली जायची आणि गिऱ्हाईक काही बोलायचं नाही.

पहिला थेंब डावीकडे सातव्या सेकंदाला पडत होता, उजवीकडे चौदाव्या. ग्राइंड बारीक असेल तर दोन्ही ग्रुपवर थेंब उशिरा पडायला हवा. एकाच ग्रुपवर उशीर होतो तेव्हा पावडरीपर्यंत पाणीच सावकाश पोचतंय. मग आम्ही हँडल काढून प्रत्येक ग्रुपखाली जग धरला, बरोबर १० सेकंद पाणी सोडलं आणि वजन केलं. डावीकडे ८५ ग्रॅम, उजवीकडे ३०. मशीनप्रमाणे हे आकडे वेगळे येतील, पण एकाच मशीनच्या दोन ग्रुपमध्ये एवढी तफावत असता कामा नये.

पुढची पायरी म्हणजे शॉवर स्क्रीन उतरवून तीच मोजणी. मधला स्क्रू काढला की जाळी हातात येते. गरम असते, जपून. खालून ती चकचकीत दिसत होती, कारण रोज फडका तेवढाच फिरायचा. उलटी केली तर पाठीमागे डांबरासारखा काळा थर आणि त्यात रुतलेला कॉफीचा चुरा. जाळीविना पाणी ३० वरून ३८ ग्रॅमवर गेलं, म्हणजे जाळीचा दोष होता पण थोडाच. उरलेला अडथळा आत होता. ग्रुपच्या वाटेवर पाण्याचा वेग आवरणारा एक छोटा जेट असतो, त्याचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान. मेकॅनिकने मशीन बंद करून, गार करून, आतला दाब सोडून तो काढला, तर भोकाच्या तोंडाशी चुन्याची कपची अडकलेली. त्यात सुई किंवा तार घालू नये. भोक मोठं झालं की दोन ग्रुप पुन्हा वेगळे वागतात. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून तो साफ होतो, नाहीतर बदलायचा. जाळी धुऊन आणि जेट साफ करून परत मोजलं तेव्हा उजवीकडे ८३ ग्रॅम पाणी आलं आणि शॉट २८ च्या आसपास स्थिरावले. ग्राइंडला कोणी हात लावला नव्हता.

चुना कुठून आला हे सांगायला नकोच. आपल्याकडे नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं, टाकी खाली गेली की बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी त्यात मिसळतं, आणि माळव्यातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. टीडीएस मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते सांगतो, त्यात चुना किती ते नाही. म्हणून थेंब टाकून रंग बघायचं कठीणपणा मोजण्याचं किट घ्या आणि टाकीचं नव्हे, मशीनमध्ये शिरणारं पाणी तपासा. एकूण कठीणपणा लिटरमागे ५० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असला तर मशीन आणि चव दोन्ही सांभाळले जातात. उलट टोकाला जाऊन निव्वळ आरओचं, जवळजवळ शून्य टीडीएसचं पाणीही देऊ नका. बॉयलरमधली पाण्याची पातळी ओळखणारी दांडी पाण्यातून वाहणाऱ्या विजेवर चालते. क्षार अगदीच नसले की तिला पाणी कळत नाही आणि बॉयलर गरजेपेक्षा जास्त भरत राहतो, शिवाय असं पाणी धातू खातं. आरओला मिश्रणाचा व्हॉल्व्ह बसवून थोडं गाळलेलं साधं पाणी त्यात परत सोडतात, तसं करून घ्या. आणि जुन्या बॉयलरमध्ये स्वतः डिस्केलर ओतू नका, सुटलेल्या कपच्या नेमक्या जेटमध्ये जाऊन बसतात.

आता समजा तुमचे दोन्ही ग्रुप सारखे निघाले. तर गर्दीतल्या २० आणि ३८ चा संशय डोसवर. तुमचा ग्राइंडर बहुधा सेकंदांवर पावडर सोडणारा असेल. तो वजन ओळखत नाही. त्याच्याखाली ओळीने पाच डोस घेऊन वजन करा. एक १७ आणि एक १९ निघाला तर दुसरीकडे शोधायची गरज नाही. गर्दीतही प्रत्येक डोस काट्यावर ठेवायचा, सवय झाली की तीन सेकंदांचं काम आहे. बास्केट आतून कोरडी हवी, पावडर आधी सपाट आणि मगच टॅम्प. हँडल खालून उघडं असलेलं एक घेऊन ठेवा. बारीक फवारे बाजूला उडताना दिसले तर पाणी पावडरीत फट शोधून पळतंय असं समजायचं.

सकाळच्या २८ चे दुपारी १८ होतात, त्यातही आधी डोसच बघा. हॉपरमधल्या बिया कमी झाल्या की बरवरचं वजन घटतं, आणि तेवढ्याच सेकंदांत पावडर कमी पडते. डोस कमी म्हणजे शॉट पळणार. हॉपर अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. डोस १८ चाच असूनही शॉट पळत असेल, तेव्हा कुठे ग्राइंड अगदी थोडा बारीक करायचा आणि ग्राइंडरमध्ये अडकलेली जुन्या मापाची पावडर, साधारण एका डोसाइतकी, फेकून मगच पुढचा शॉट मोजायचा. ती न फेकल्यामुळे पोरांना वाटतं की रिंग फिरवून फरकच पडला नाही, मग ती आणखी फिरवतात.

राहिलं "रोज साफ करतो". कशाने, हे लिहा. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. रात्री दुकान बंद करताना हँडलमध्ये बिनभोकाची बास्केट लावा, एस्प्रेसो मशीन साफ करायची पावडर सुमारे ३ ग्रॅम टाका, १० सेकंद पंप चालवा, १० सेकंद थांबा, असं पाच वेळा. बंद केल्यावर बाहेर फेकलं जाणारं पाणी पहिल्यांदा तपकिरी येतं. त्या रंगाकडे बघत जा, काल नीट झालं होतं की नाही ते कळतं. मग हँडल धुऊन साध्या पाण्याने तेच पाच वेळा. हे फक्त दाब उलटा सोडणारा व्हॉल्व्ह असलेल्या मशीनवर करायचं; पंप आणि बटणांच्या बहुतेक दुकानी मशीनला तो असतो, हाताच्या दांड्याच्या मशीनवर नाही. मग शॉवर स्क्रीन उतरवा. ती, बास्केट आणि हँडलचा फक्त धातूचा भाग त्याच पावडरीच्या गरम पाण्यात १५ ते २० मिनिटं. जाळीमागची जागा आणि गॅस्केटची खाच ब्रशने घासा. बास्केट उजेडासमोर धरा, बंद भोकं लगेच दिसतात. सकाळचा पहिला शॉट प्रत्येक ग्रुपवर काढून फेकून द्या.

दिवसा प्रत्येक शॉटनंतर दोन सेकंद पाणी सोडून जाळी पुसायची. स्टीमची नळी दुधाआधी आणि नंतर फुंकायची, ओल्या वेगळ्या फडक्याने लगेच पुसायची. वाळलेलं दूध नंतर आत ओढलं जातं. हँडल लावताना ते नेहमीच्या जागेपेक्षा पुढे सरकू लागलं किंवा कडेने थेंब गळू लागले तर गॅस्केट बदला. कडक झालेलं रबर जोर लावून बसत नाही, हँडलचे कान मात्र झिजतात.

सहा शॉटचे आकडे, दोन्ही ग्रुपचं १० सेकंदांचं पाणी आणि ग्राइंडरच्या पाच डोसांची वजनं इथे खाली टाका. दोन ग्रुपमध्ये पाण्याचा फरक निघाला तर जाळी काढल्यानंतरचा आकडाही द्या, म्हणजे मेकॅनिकला बोलवायचं की नाही ते लगेच सांगता येईल.