रविवारी पहाटे चार वाजता

प्रश्न: डेटिंग ॲपवर मुलगी विचारते, ‘तू अजून सिंगल कसा?’ यावर आत्मविश्वासाचं, थोडं फ्लर्टी आणि तिची उत्सुकता वाढेल असं उत्तर काय देऊ?

उत्तर:

मी चौतीस वर्षांची आहे, पुण्यात राहते, आणि गेल्या सहा-सात वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याचा हिशोब ठेवलेला नाही. पण माझं उत्तर कसं बदलत गेलं ते मला नीट आठवतं. शेवटी जे सापडलं ते तुमच्या कामाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीला मी खरंखुरं कारण सांगायचे. आधी शिक्षण, मग बाबांचं आजारपण, मग एक ठरलेलं लग्न मोडलं. सगळं खरं होतं, पण समोरून ‘ओह, सॉरी’ यायचं आणि तिथेच गप्पा संपायच्या. नंतर मी उलट विचारायला लागले, ‘तुमचं का नाही झालं?’ त्यावर समोरचा स्वतःचा बचाव करायला लागायचा आणि पाच मिनिटांत दोघांचाही मूड जायचा. मग काही महिने ‘योग्य माणूस भेटला नाही’ हे ठरलेलं वाक्य. ते कुणाला लागत नाही, पण कुणाच्या लक्षातही राहत नाही, कारण लग्नाच्या साइटवरचा प्रत्येक जण तेच म्हणतो.

मग लक्षात आलं, या प्रश्नातला टोचणारा शब्द ‘अजून’ हा आहे. ‘अजून’ म्हटलं की गाडी चुकल्यासारखं वाटतं, आणि आपण ‘कारण...’ अशी सुरुवात केली की उशीर झाल्याचं आपणच कबूल करतो. म्हणून पहिला बदल मी हा केला की उत्तरातून ‘कारण’ काढून टाकलं. ‘का’चं उत्तर द्यायचंच नाही. आपलं आयुष्य कसं चाललंय त्याची एक छोटी, खरी खिडकी उघडायची आणि ती अर्धीच उघडायची.

अर्धी का, तर कुतूहलाचा स्वभावच तसा आहे. जॉर्ज लोवेनस्टीन या अभ्यासकाने १९९४ साली कुतूहलावर एक मोठा लेख लिहिला होता. त्यातलं सूत्र सोप्या भाषेत असं: आपल्याला थोडं माहीत असतं आणि मधला एक तुकडा गायब आहे हे दिसतं, तेव्हा कुतूहल जागं होतं. काहीच माहीत नसेल तर ते जागं होत नाही, सगळं कळलं तर विझतं. म्हणूनच ‘ते एक गुपित आहे’ हे उत्तर चालत नाही. त्यात पकडायला काहीच नसतं. तुकडा गायब आहे हे दिसायला आधी बाकीचं चित्र दिसावं लागतं.

माझा पहिला प्रयत्न असा होता: ‘पहाटे चारला माझ्याबरोबर उठणारा कुणी भेटला नाही.’ पाठवायच्या आधी मैत्रिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘अगं, याचा अर्थ तो भलताच काढेल.’ बरोबर होतं तिचं. शिवाय ‘भेटला नाही’मध्ये तक्रारीचा सूर होता. बरीच खाडाखोड करून शेवटी हे उरलं:

‘रविवारी पहाटे चारला मी घराबाहेर पडते. बरोबर कोण येणार, ते अजून ठरायचंय.’

यात ‘अजून’ आहे, पण आता तो माझ्यावर नाही. तो शेजारच्या रिकाम्या जागेवर आहे. मी कुणाची वाट बघत थांबलेली नाही, दर रविवारी निघतेच आहे. तरी जागा आहे हे सांगून झालं. आणि पहाटे चारला कुठे जाते, ते गाळलंय.

गेल्या जानेवारीत लग्नाच्या साइटवर एकाने विचारलं तेव्हा मी हेच पाठवलं. आमचं तेव्हा अहो-जाहो चालू होतं. पुढचं संभाषण जवळजवळ असंच झालं.

तो: ‘चारला? कुठे जाता?’
मी: ‘ओळखा. एक खूण देते. तिथे सगळं गुलाबी असतं, पण लग्नाचा मंडप नाही.’
तो: ‘जयपूर?’
मी: ‘दुपारच्या जेवणाला मी घरी असते.’
तो: ‘मग तळेगावकडची गुलाबाची शेती!’
मी: ‘जवळ आलात. पण याला पाय आहेत. लांब.’
मिनिटभर काही नाही. मग: ‘फ्लेमिंगो!! भिगवण!’
मी: ‘हुशार आहात. आता हे सांगा, ते जन्मतःच गुलाबी असतात का?’
तो: ‘असणारच ना?’
मी: ‘नाही. पिल्लं राखाडी असतात. खाण्यातून हळूहळू गुलाबी होतात.’
तो: ‘मी सध्या राखाडीच आहे. होडीत किती जण बसतात?’
मी: ‘एक जागा काढता येईल. पण आधी हे अहो-जाहो थांबव.’

शेवटच्या ओळीकडे नीट बघा, कारण ही सोय आपल्या भाषेत आयती मिळालेली आहे. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं हेच मराठीतलं मोठं फ्लर्टिंग आहे. मी त्याला ‘थांबव’ म्हटलं, ‘थांबवा’ नाही. कौतुकाचे चार शब्द खर्चूनही जी जवळीक आली नसती, ती एका क्रियापदाने आली. तुमच्या बाबतीत ती मुलगी आधीच ‘तू’ म्हणतेय, तर हे उलटं वापरता येतं. एखाद्याच वाक्यात तिला ‘अहो’ म्हणा: ‘अहो, एवढी घाई कसली, सांगतो की.’ एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलंत तर त्याची मजा जाते.

आता तुमचं वाक्य. ते मी तुम्हाला तयार करून देणार नाही, कारण उसनं वाक्य दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. मी भिगवणला खरंच जाते. उजनी धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित, म्हणजे हेच फ्लेमिंगो, येतात, पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर, उजाडायच्या आत पोहोचायचं तर चारला निघावंच लागतं. त्यामुळे त्याने काहीही विचारलं असतं तरी माझ्याकडे सांगायला होतं. तुम्ही ट्रेकला वर्षातून एकदा जात असाल तर ट्रेकचं वाक्य लिहू नका. तुमच्या आठवड्यात दर वेळी घडणारी, तुम्हाला मनापासून आवडणारी गोष्ट शोधा. ती छोटी असली तरी चालते.

माझ्या मावसभावाचं उदाहरण देते. तो कोल्हापूरचा, नोकरीला ठाण्यात, एकटा राहतो, शनिवारी रात्री स्वतः मटण करतो. त्याला हाच प्रश्न आला तेव्हा त्याने आधी लिहिलं होतं, ‘तुझ्यासाठीच थांबलो होतो.’ मी ते पुसायला लावलं. मुलगी म्हणून सांगते, हे वाक्य वाचलं की पहिला विचार येतो, याने हे आज आणखी किती जणींना पाठवलं असेल! मग आम्ही दोघांनी बसून हे केलं:

‘दर शनिवारी माझ्याकडे रस्सा शिजतो. वाटी एकच घेतो. दुसरी कधी काढायची, ते तुझ्या एका उत्तरावर आहे. तांबडा की पांढरा?’

तिने लिहिलं, ‘पांढरा, पण मला येत नाही. नारळाचं दूध फुटतं.’ त्याने लगेच सांगितलं की आच मंद ठेव, दूध शेवटी घाल आणि घातल्यावर उकळी येऊ देऊ नकोस. पुढचा तासभर दोघं फक्त स्वयंपाकावर बोलत होती. सिंगल असण्याचा विषय पुन्हा निघालाच नाही. त्याच्या वाक्यात शेवटी सोपा प्रश्न होता, जो तिला एका शब्दात सोडवता आला, म्हणून ते चाललं. ‘तुला काय वाटतं?’ असा मोठा प्रश्न टाकला असता तर तिलाच विचार करावा लागला असता आणि ते उद्यावर गेलं असतं.

वाक्य लागू पडलं की नाही, हे लगेच कळतं. तिने पुढचा प्रश्न विचारला किंवा अंदाज बांधला, तर ती आत आली. ‘हाहा, भारी’ एवढंच आलं तर एकदाच खूण द्या, तरीही तसंच आलं तर विषय बदला. आपलंच कोडं आपण सोडवून दाखवायला जाऊ नये, ते फार केविलवाणं दिसतं. आणि ती म्हणाली, ‘नाही, खरं सांग ना,’ तर तिथे फ्लर्टिंग थांबवा. तिला खरंच जाणून घ्यायचंय. अशा वेळी मी एकच साधं वाक्य लिहिते: ‘एक ठरलेलं लग्न मोडलं, त्याला चार वर्षं झाली, आता मी त्यातून पूर्ण बाहेर आहे.’ दोष कुणालाच नाही, तपशील नाही. तिला आणखी हवं असेल तर ते भेटल्यावर.

हे उत्तर आत्या-मावशींना देऊ नका. लग्नाच्या पंगतीत ‘बरोबर कोण येणार ते ठरायचंय’ म्हटलंत तर रात्रीपर्यंत तीन बायोडेटा व्हॉट्सॲपवर येतील. त्यांना प्रेमाने ‘बघतोय, ठरलं की तुम्हालाच पहिलं सांगतो’ एवढं पुरतं. ऑफिसातल्या व्यक्तीलाही नको. तिथे समोरच्याला नको असेल तर उठून जाता येत नाही.

माझ्यासारख्या मुली हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक. खिडकी अर्धी उघडायची ती सुरक्षेसाठीही. मी भिगवण एवढंच कळू दिलं. कुठल्या गावातून होडी घेते, कुणाबरोबर जाते, कुठे चहाला थांबते, यातलं काहीही त्याला तेव्हा सांगितलं नव्हतं. आधी दोनदा आम्ही दिवसाउजेडी, भरलेल्या कॅफेत भेटलो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी तो आला. पावणेचारला माझ्या सोसायटीच्या गेटवर उभा होता, कानटोपी घालून, हातात थर्मास. आमच्या नेहमीच्या ग्रुपमधल्या तिघी मागच्या सीटवर होत्या. मी दार उघडलं तर तो म्हणाला, ‘रात्रभर झोपलो नाही, उशीर होईल म्हणून.’ त्या दिवशी होडीत बसल्यावर तो पक्ष्यांकडे कमी आणि माझ्या दुर्बिणीकडे जास्त बघत होता. मी ती त्याच्या हातात दिली आणि पहिल्यांदा राखाडी पिल्लू कुठे आहे ते दाखवलं.