पत्रा ठोकताना कड का फाटते

बावीस कॅरेटचा तुकडा ठोकताना कड फाटली की लगेच सोनं खराब आहे असं समजू नकोस. चोख सोन्यात अणू थरांनी रचलेले असतात आणि त्यांना बांधणारे इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक असतात. घाव बसला की थर सरकतो, अणूचे शेजारी बदलतात, पण बंध टिकून राहतो. त्यामुळेच एका ग्रॅमचा वर्ख जवळपास एक चौरस मीटर पसरतो. बावीस कॅरेटमध्ये मात्र शंभरात आठेक भाग तांबं-चांदी असते आणि ते अणू हे सरकणं अडवतात. ठोकून तुकडा कडक झाला की हातोडी उसळायला लागते. तिथेच थांब, मंद लाल होईपर्यंत तापव, मग पुढे ठोक. कडेला केसाएवढी चीर दिसली तर आधी ती कापून टाक, नाहीतर ती आत धावते.

तापवल्यावर आलेला काळा थर मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडचा. सोनं स्वतःचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला सहजी देत नाही, म्हणून चोख तुकडा तापवूनही पिवळाच राहतो. हा थर कोमट, विरळ गंधकाम्लात निघतो. ते बनवताना आम्ल पाण्यात ओत, पाणी आम्लात कधीच नको.