निळ्या खुणा आणि दोनशे पानी वही

‘ताई, दीड महिन्यापासून एका मुलाला भेटतेय. कधी रात्री दोन-दोन तास गप्पा, तर कधी साध्या “जेवलास का?”ला दुसऱ्या दिवशी उत्तर. त्याला माझ्यात खरंच रस आहे का, हे ओळखायचं कसं?’

अगदी याच प्रश्नाने झोप उडालेली एक मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे आली होती. वय सत्तावीस, पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. मुलगा चाकणला कारखान्यात, शिफ्टमध्ये. ती समोर बसली तेव्हा फोन मांडीवर उलटा ठेवलेला होता आणि पंधरा मिनिटांत तिने तो चार वेळा उचलून पाहिला. ‘निळ्या खुणा सकाळीच आल्यात ताई, म्हणजे वाचलंय त्याने,’ ती म्हणाली.

मी तिला दोनशे पानी वही आणायला सांगितली आणि पानावर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे फक्त घडलेलं: किती वाजता मेसेज केला, उत्तर कधी आलं, भेटायचं कोणी सुचवलं, भेट झाली का. उजवीकडे तिने त्यातून काय अर्थ काढला ते. विचार आणि घटना वेगळ्या करण्याची ही पद्धत समुपदेशनात आम्ही नेहमी वापरतो. अट एकच होती, दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत निष्कर्ष काढायचा नाही. एका दिवसावरून माणूस कळत नाही. त्या दिवशी त्याचं डोकंही दुखत असू शकतं.

ती वही घेऊन आली तेव्हा उजवी बाजू गच्च भरली होती. ‘कंटाळला’, ‘दुसरी कोणीतरी आहे’, ‘मी जास्त बोलले’. डावीकडच्या वेळा मात्र आम्ही दोघींनी ओळीने वाचल्या आणि एक गोष्ट लगेच दिसली. उशिराची जवळजवळ सगळी उत्तरं पहिल्या पाळीच्या आठवड्यातली होती. त्या पाळीत फोन लॉकरमध्ये जातो, हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. सकाळी सात वाजता गेटवर घाईत वाचलेला मेसेज दुपारी चारपर्यंत तसाच राहायचा. तिला केवढं हायसं वाटलं!

मला मात्र वाटलं नाही, कारण माझी नजर भेटीच्या नोंदींवर अडकली होती. चौदा दिवसांत तिने तीनदा भेटायचं सुचवलं होतं. एकदा भेट झाली. दोनदा त्याने ऐन वेळी रद्द केली आणि दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणून सोडून दिलं. स्वतःहून दुसरा दिवस सुचवला नाही. एरवी अडचण सगळ्यांनाच येते. पण ज्याला भेटायचं असतं तो ‘आज जमत नाही, गुरुवारी संध्याकाळी येऊ का?’ असं काहीतरी म्हणतो. आणि भेट रद्द झाली की त्याच रात्री त्याचा लांबलचक, गोड मेसेज यायचा.

हा गोड मेसेज मला उशिरा येणाऱ्या उत्तरापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की दाणा अधूनमधून, केव्हा मिळेल याचा नेम नसताना मिळाला, तर नंतर तो बंद झाल्यावरही पक्षी कितीतरी वेळ कळ टोचत राहतो. अनिश्चित वेळी मिळालेली माया अशीच चिकटवून ठेवते. तो हे मुद्दाम करत होता असं मी म्हणत नाही. वहीवरून कोणाच्या मनातलं कळत नाही, फक्त काय विचारायचं ते कळतं.

म्हणून तिला विचारायलाच सांगितलं, पण चॅटवर नको, आणि ‘तू असं का करतोस?’ हेही नको. त्या वाक्याने समोरचा बचावाला उभा राहतो. आम्ही तिचं वाक्य चार-पाच वेळा खोडून लिहिलं. शेवटी उरलं ते असं: ‘तुला भेटायला मला आवडतं. पण दोनदा भेट रद्द झाली आणि तू दुसरा दिवस सांगितला नाहीस, तेव्हा मी गोंधळले. आपण भेटत राहायचं, असं तुझ्या मनात आहे का?’

त्याच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, सकाळी चहाच्या टपरीवर तिने विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की घरी त्याच्यासाठी मुली बघतायत, दोन कार्यक्रम झाले, आईला नाही म्हणवलं नाही आणि हिलाही सोडवत नव्हतं. रद्द झालेल्या दोन्ही भेटी त्याच कार्यक्रमांच्या दिवशीच्या होत्या.

तिने त्याला घरी बोलण्यासाठी महिनाभराची मुदत दिली. तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली, खाली गोल केला. तो बोलला नाही. त्या तारखेला ती माझ्याकडे आली, खूप रडली. त्या तासाभरात फोन पर्समध्येच होता.

तूही आज वही घे. उत्तराला किती तास लागले ते लिही, पण आधी रद्द झालेल्या भेटीनंतर दुसरा दिवस कोणी सुचवला, ते लिही.