ब्रिज सिग्नल वाढवत नाही, तो वजाबाकी करतो

प्रश्न: "लोखंडी पट्टीवर 350 ओहमचा स्ट्रेन गेज चिकटवला आहे. पट्टी वाकवली तरी मल्टिमीटरवर 350 च दिसतं. सर म्हणतात ब्रिज लाव. पण चार रेझिस्टर जोडल्याने असं काय होणार, जे मल्टिमीटरला दिसत नाही?"

उत्तर:

तुमचा गेज बहुतेक चांगला आहे. तो किती बदलतो ते आधी मोजू, म्हणजे मल्टिमीटर गप्प का राहतो ते कळेल.

पट्टी 25 मिमी रुंद आणि 3 मिमी जाड आहे असं धरा. एक टोक घट्ट आवळलेलं, आणि गेजपासून 20 सेंमीवर दोन किलो संत्र्यांची पिशवी टांगली. पट्टीच्या वरच्या पृष्ठभागावर साधारण 520 मायक्रोस्ट्रेन येतो, म्हणजे दर मीटर लांबीला अर्धा मिलिमीटर ताण. नेहमीच्या फॉइल गेजचा गेज फॅक्टर 2 च्या आसपास असतो, म्हणून रोध त्याच्या दुप्पट प्रमाणात बदलतो: 350 × 2 × 0.00052 = 0.364 ओहम. मल्टिमीटरची 2000 ओहमची रेंज एकेक ओहमने सरकते. एक तृतीयांश ओहम तिला दिसणार कसा?

आता गेजच्या वर एक 350 ओहमचा रेझिस्टर जोडून दोघांना मिळून 5 व्होल्ट द्या. मधल्या बिंदूवर 2.5 व्होल्ट मिळतील. पिशवी टांगली की ते 2.5013 होतील. बदल आता व्होल्टेजमध्ये आला, पण 1.3 मिलिव्होल्टचा हा बदल 2500 मिलिव्होल्टच्या पाठीवर बसलेला आहे. अँप्लिफायरने शंभरपट करायला गेलात तर तो 2.5 व्होल्टलाही शंभरपट करायला जाईल आणि सप्लायच्या टोकाला जाऊन अडकेल. शिवाय सप्लाय 5 वरून 4.95 झाला तर मधला बिंदू 25 मिलिव्होल्टने खाली येतो. तुमच्या सिग्नलच्या जवळजवळ वीसपट!

ब्रिज इथे कामाला येतो. शेजारी तशीच दुसरी जोडी उभी करा, दोन साधे रेझिस्टर, त्याच 5 व्होल्टवर. तिच्या मध्यावरही 2.5 व्होल्ट असतात, पण ते वजनाने हलत नाहीत. मीटरची एक पिन या मध्यावर, दुसरी गेजच्या मध्यावर ठेवा. दोन्हींकडचे 2.5 व्होल्ट एकमेकांत वजा होतात आणि उरतो फक्त 1.3 मिलिव्होल्ट. सप्लाय 4.95 झाला तर दोन्ही मध्यबिंदू सोबतच खाली येतात, उत्तर फक्त एक टक्का बदलतं. तुमच्याच मल्टिमीटरची 200 मिलिव्होल्टची रेंज 0.1 मिलिव्होल्ट दाखवते, म्हणजे ज्याला ओहममध्ये काही दिसत नव्हतं त्यालाच आता 1.3 दिसेल.

सूत्र एवढंच आहे:

```
Vout = Vex × GF × ε / 4
     = 5 × 2 × 0.00052 / 4 = 0.0013 V
```

म्हणून मी नेहमी सांगतो की ब्रिज काहीही वाढवत नाही. तो नको असलेलं काढून टाकतो, आणि मग उरलेलं खुशाल वाढवता येतं.

बाजारात लोक अडतात ते रेझिस्टरवर. सीताबर्डीच्या दुकानात 350 ओहम मागितला तर बहुतेक वेळा मिळत नाही. 330 आणि 20 सिरीजमध्ये लावा. दुसऱ्या जोडीला मात्र 350 चीच गरज नाही. तिथे 1k आणि 1k चालतात, फक्त ते एकमेकांसारखे हवेत. एक टक्क्याचे दोन रेझिस्टर उलट बाजूंना चुकले, म्हणजे 1010 आणि 990 निघाले, तर वजन नसतानाच ब्रिजवर 25 मिलिव्होल्ट येतात. ब्रिजचा सिग्नल वाढवून त्याचा आकडा करणाऱ्या HX711 बोर्डाला 128 च्या गेनवर आणि 5 व्होल्टवर साधारण ±20 मिलिव्होल्टच झेपतात. मग आकडा एका टोकाला चिकटून बसतो, वजन टाका किंवा काढा. बोर्ड जळाला समजून लोक दुसरा आणतात. त्याआधी बोर्डाच्या A+ आणि A- या इनपुट पिनांमध्ये मीटर लावून बघा. दहा रेझिस्टर घेऊन मीटरवर मोजा आणि अगदी सारखा आकडा दाखवणारे दोन निवडा. एखाद-दोन मिलिव्होल्ट उरले तर वजन नसतानाचा आकडा प्रोग्राममध्ये वजा करा.

आता नागपूरची खास अडचण. हिंगणा एमआयडीसीत एका टिनाच्या शेडमध्ये मी अशीच पट्टी लावली होती, मे महिन्यात. सकाळी शून्य केलं, दुपारी रिकाम्या पट्टीवर 300 ग्रॅम! आधी गेजच्या चिकटवण्यावर संशय घेतला. मग हेअर ड्रायरने आधी फक्त पट्टी गरम केली, आकडा थोडाच हलला. नंतर फक्त वायर गरम केली, तर तो झरझर चढायला लागला.

कारण हिशेबात दिसतं. गेज ब्रिजपासून चार मीटर दूर होता, जाऊन-येऊन आठ मीटर बारीक तांब्याची वायर, सुमारे 0.7 ओहम. तांब्याचा रोध दर अंशाला 0.39 टक्के वाढतो. सकाळपासून दुपारपर्यंत वायर 20 अंशांनी तापली की 0.055 ओहम वाढले. दोन किलोला 0.364 ओहम, तर 0.055 ओहम म्हणजे 300 ग्रॅम. ब्रिजला गेज वाढला की वायर वाढली हे कळत नाही, त्याला त्या बाजूचा एकूण रोध दिसतो.

उपाय म्हणजे तिसरी वायर. गेजच्या एका टोकापासून दोन वायरी काढायच्या. एक वरच्या 350 ओहमकडे जाते, दुसरी मीटरकडे. मग एक लांब वायर गेजच्या बाजूला आणि तेवढीच लांब वायर वरच्या रेझिस्टरच्या बाजूला पडते. दोन्ही एकत्र तापतात आणि ब्रिज त्यांनाही वजा करतो. मीटरकडच्या वायरमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ती तापली तरी फरक पडत नाही. मी तिसरी वायर जोडल्यावर दुपारचे ते 300 ग्रॅम गेले.

याहून बरं हवं असेल तर दुसरा तसाच गेज पट्टीच्या खालच्या बाजूला, पहिल्याच्या बरोबर खाली चिकटवा आणि वरच्या 350 ओहमच्या जागी तो लावा. वरचा ताणला जातो, खालचा दाबला जातो, म्हणून सिग्नल दुप्पट होऊन 2.6 मिलिव्होल्ट मिळतो. तापमानाने दोघे सारखेच हलतात आणि त्यांचा परिणाम वजा होतो. खरेदी करताना गेज स्टीलसाठीचा आहे की ॲल्युमिनियमसाठीचा हे विचारून घ्या, कारण फॉइल त्या-त्या धातूच्या प्रसरणाला जुळवून बनवलेलं असतं.

एक चूक इथे हमखास होते. हे दोन गेज एकाच जोडीत, एकाखाली एक हवेत. ब्रिजच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावले तर एकाची वाढ दुसऱ्याची घट खाऊन टाकते आणि पिशवी टांगली तरी आकडा ढिम्म हलत नाही. ओळखायचं कसं? खालचा गेज काढून त्याच जागी 330 आणि 20 ओहमची सिरीज लावा आणि पुन्हा पिशवी टांगा. आता आकडा 1.3 मिलिव्होल्टने हलला तर गेज ठीक आहेत, जागा चुकली आहे.