झिजलेली खुर्ची आधी उलटी करून पाहा

प्रश्न: एक जुनी हातांची लाकडी खुर्ची मिळते आहे. खूप वर्षं वापरातली आहे असं विकणारा सांगतो. सगळीकडे छान झिजलेली दिसते. ही झीज खरी की मुद्दाम केलेली, कसं ओळखायचं?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातला 'सगळीकडे' हा शब्द वाचूनच मी जरा थबकलो. वापरातली खुर्ची सगळीकडे झिजत नाही. ती पाच-सहा जागी भरपूर झिजते आणि बाकीची जवळपास कोरी राहते. माझं काम फर्निचर दुरुस्तीचं. बहुतेक खुर्च्या माझ्याकडे येतात त्या डुगडुगतात म्हणून, आणि सांधे बघायला मी त्या पहिल्यांदा उलट्याच करतो. त्यामुळे लोक जी बाजू कधी बघत नाहीत ती मला रोज दिसते.

लाकूड झिजायला दोन गोष्टी एकाच जागी लागतात, दाब आणि घसरण. झिजेचे अभ्यासक आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलेला हिशेब असा की झीज दाबाच्या आणि घसरलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते, आणि पृष्ठभाग जितका कठीण तितकी कमी होते. तो हिशेब धातूंवरच्या प्रयोगांतून आला, लाकूड त्यापेक्षा लहरी आहे, पण मुद्दा लागू पडतो. नुसता दाब पडला तर खळगा पडतो आणि नुसता हलका हात फिरला तर धूळ पुसली जाते. दोन्ही एकाच जागी हजारो वेळा व्हायचं तर माणसाचं शरीर त्या जागी परत परत यायला हवं, आणि शरीराच्या सवयी फार ठरलेल्या असतात.

आत्ता कुठल्याही खुर्चीवर बसून उठा आणि स्वतःकडे लक्ष द्या. पाठीची वरची पट्टी धरून खुर्ची ओढलीत. बसल्यावर बैठकीच्या पुढच्या कडेखाली बोटं घालून ती पुढे घेतलीत. पुढच्या दोन पायांना जोडणाऱ्या दांडीवर टाचा टेकवल्यात. थोड्या वेळाने मागच्या दोन पायांवर रेललात (लहानपणी यासाठी ओरडा खाल्ला असेल, पण सगळेच करतात). उठताना खुर्चीच्या हातांच्या पुढच्या टोकांवर तळवे दाबलेत आणि गुडघ्यामागच्या भागाने खुर्ची मागे ढकललीत. झिजेचा नकाशा एवढाच आहे. मागच्या दांडीवर पाय ठेवायला कोणीही जात नाही, आणि पाठीच्या उभ्या पट्ट्यांच्या आतल्या कडांना कोणाचा हात लागत नाही.

मध्यंतरी एका गृहस्थांनी अशीच एक खुर्ची दुरुस्तीला आणली. जुनी म्हणून घेतलेली, एक हात सुटलेला. पुढची दांडी मधोमध छान खोलगट झालेली, आणि लांबून बघून मलाही ती पटली होती. मग कॅलिपर लावला. दांडी टोकाला सगळीकडून २८ मिलिमीटर होती. मध्ये वरून खाली मोजली तर २२, आणि पुढून मागे मोजली तरी २२. म्हणजे दांडीला चारी बाजूंनी कंबर काढलेली होती. आता टाच दांडीवर येते ती वरून आणि पुढून. दांडीच्या खालच्या बाजूला ती पोचणारच कशी? खऱ्या दांडीची वरची आणि पुढची बाजू जाते, खालची आणि मागची गोलाई सुताराने सोडली तशीच राहते. बोट फिरवलं तरी कळतं, मोजायचीही गरज नाही. आणि खरा खळगा सहसा बरोब्बर मध्ये नसतो. दोन पायांचे दोन उथळ खळगे असतात, नाहीतर एकाच बाजूला एक खोल, कारण अनेकांना एकच पाय वर ठेवायची सवय असते.

नंतर टॉर्च आडवा धरला, प्रकाश लाकडावर घासत जाईल असा. खळग्यात बारीक समांतर ओरखडे दिसले, दांडीला वेढा घालत गेलेले. पॉलिश पेपरची पट्टी दांडीभोवती गुंडाळून दोन टोकं आळीपाळीने ओढली की नेमके असे ओरखडे पडतात. बुटाची टाच अशी काटेकोर चालत नाही. तिच्याखालच्या वाळूच्या कणाने कुठे आडवा, कुठे तिरपा ओरखडा येतो, मध्येच चेप असतो, आणि पुढच्या हजार टाचांनी ते सगळं दाबून गुळगुळीत झालेलं असतं. त्या गृहस्थांची मागची दांडीही तेवढीच खोलगट होती, हे त्यांना दाखवल्यावर ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

पायांची टोकंही बघण्यासारखी असतात. त्या खुर्चीच्या चारही पायांच्या खालच्या कडा सारख्याच गोल केलेल्या होत्या, पण टोकाच्या सपाट भागावर करवतीच्या रेघा तशाच्या तशा. जमिनीवर वर्षानुवर्षं घासणारी हीच जागा, तिथल्या रेघा आधी जायला हव्या होत्या. खऱ्या वापरात ती टोकं दाबून चकचकीत होतात, त्यांत माती आणि फरशी पुसण्याचं पाणी मुरून ती काळसर पडतात, आणि ओरखडे मुख्यतः पुढे-मागे जातात, कारण खुर्ची त्याच दिशेला सरकते. मागच्या पायांची मागची कड इतर कडांपेक्षा जास्त गेलेली असते. ती रेलण्याची खूण.

खुर्चीच्या हातांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण फसवणारे सगळ्यात जास्त मेहनत तिथेच घेतात आणि तिथेच चुकतात. तळवा मऊ असतो. तो लाकूड पटकन खात नाही, पण प्रत्येक वेळी थोडं तेल आणि घाम सोडतो, आणि त्याला मळ चिकटतो. त्यामुळे हाताच्या टोकाकडे बघितलं तर थर दिसतात. जिथे सर्वात जास्त घसट होते तिथे पॉलिश संपून उघडं लाकूड असतं, पण ते कोरडं पांढुरकं नसतं. तेल मुरून त्याला काचेसारखी चकाकी आलेली असते. त्याभोवती मळाची काळसर किनार असते, तिथे पॉलिश पातळ झालेलं पण गेलेलं नाही. आणि त्याच्या पलीकडे हळूहळू मूळ पॉलिश सुरू होतं, नेमकं कुठून ते बोट ठेवून सांगता येत नाही. घासून केलेल्या झिजेत उघडं लाकूड फिकट आणि खरखरीत असतं, आणि पॉलिशची कड एकदम तुटते. तिथे रंगाचा एकेक थर रिंगणासारखा स्पष्ट दिसतो. मग हे झाकायला वरून गडद मेण चोळतात, आणि ते सगळ्या खाचांत एकाच रंगाचं बसतं, अगदी जिथे मळ कधी साचणार नाही अशा उतरत्या कडांवरही.

आता हाताच्या पुढच्या टोकाखाली बोटं घालून बघा. आपण हात नुसता वर ठेवत नाही, बोटं खाली वळवून धरतो. म्हणून खरी झिजलेली खुर्ची असेल तर खालच्या बाजूलाही दोन-तीन बोटांच्या रुंदीएवढा भाग गुळगुळीत आणि गडद लागतो, आणि लगेच मागे रंध्याची किंवा करवतीची खरबरीत पोत सुरू होते. ही सीमा मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त पटते. बैठकीच्या पुढच्या कडेखालीही तसंच. फसवणारा उभा राहून काम करतो आणि गिऱ्हाईकाचा डोळा जिथे पडेल तिथे घासतो, खाली वाकून बोटं कुठे जातात याचा विचार तो क्वचितच करतो.

साखळीने ठोकलेल्या खुणा ओळखणं सोपं आहे. त्याच आकाराचा चेप थोड्या थोड्या अंतरावर परत परत दिसतो. तारेचा ब्रश मारून लाकडाच्या मऊ रेषा खोल केलेल्या असतील तर त्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारख्याच खोल असतात. खऱ्या पायघसटीत त्या खळग्याच्या मध्यावर खोल आणि कडेला विरत गेलेल्या असतात. किडीची भोकं हा वेगळाच विषय आहे, तो वापराचा पुरावा नाहीच, त्यामुळे त्यावरून भुलू नका.

हाच न्याय इतर वस्तूंना लावता येतो. कीबोर्डची स्पेसबार बहुतेकांची एकाच बाजूला चकाकते, कारण आपण एकाच अंगठ्याने ती दाबतो. दोन्ही टोकं सारखी गुळगुळीत असतील तर काहीतरी वेगळं आहे. गिटारचा रंग जिथे कोपरापुढचा हात कडेवर टेकतो तिथे जातो, मुद्दाम जुन्या केलेल्या गिटारवर मात्र जिथे हात पोचतच नाही तिथलेही टवके उडालेले सापडतात. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटरच्या ब्राँझच्या पुतळ्याचा उजवा पाय भाविकांच्या स्पर्शाने इतका झिजला आहे की बोटं वेगळी उरलेली नाहीत, आणि त्याच पुतळ्याच्या झग्याच्या चुण्या मात्र शाबूत आहेत.

काही ठिकाणी ही पारख अडते. खुर्ची कोणी तासून नव्याने पॉलिश केली असेल तर रंगाचा आणि मळाचा सगळा पुरावा जातो, फक्त आकार उरतो. तेव्हा दांडीची खालची बाजू आणि पायांची टोकं यांवरच विसंबावं लागतं. एखादी दांडी नंतर बदललेली असेल तर बाकी खुर्ची खरी असूनही तेवढी एक कोरी दिसेल. आणि विचित्र जागची झीज म्हणजे खोटी असं लगेच ठरवू नका. पाठीच्या मागे एकाच उंचीवर घासलेली आडवी रेघ असेल तर ती खुर्ची भिंतीला लागून उभी असायची. हातांच्या पुढच्या तोंडावर एका रेषेत चेप असतील तर ती टेबलाखाली ढकलताना कडेला आपटायची. प्रत्येक खुणेला काहीतरी येऊन लागलेलं असतं, ते काय असेल एवढं विचारत जा. शिवाय झीज वापर सांगते, वय नाही. गर्दीच्या उपाहारगृहातली खुर्ची दहा वर्षांत जेवढी झिजेल तेवढी कोपऱ्यात जपलेली शंभर वर्षांची खुर्ची झिजणार नाही.

तुम्ही प्रत्यक्ष जाऊ शकत नसाल तर विकणाऱ्याकडे तीन फोटो मागा: खुर्ची उलटी ठेवून चारही पायांच्या टोकांचा, पुढची आणि मागची दांडी एकाच चौकटीत, आणि हाताच्या टोकाचा खालून. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवून बाजूच्या खिडकीचा उजेड येऊ द्यायला सांगा, समोरून फ्लॅश पडला की ओरखडे दिसत नाहीत. सेट असेल तर सगळ्या खुर्च्यांचे मागवा. खऱ्या सेटमध्ये एक-दोन जास्त झिजलेल्या निघतात, रोजच्या बसायच्या, आणि एखादी जवळपास नवीसारखी राहिलेली असते.